तुम्ही विचारलंत म्हणून : पान ७१

"एवढा मोठा अहवाल पंधरा मिनिटांत बसवताना काय ठेवायचं, काय गाळायचं, हे तुम्ही कसं ठरवता?"

विचारणाऱ्यांना बहुतेक वेळा युक्ती हवी असते: किती स्लाइड, एका स्लाइडवर किती ओळी. ते मी सांगत नाही, कारण तिथे माझं कधी काही बिघडलेलं नाही. बिघडलं ते दुसरीकडे.

मुलांच्या वाचनवर्गांचा अहवाल होता, ११२ पानांचा, ३४ निष्कर्षांचा. वर्ग आणखी शाळांमध्ये न्यायचे की नाहीत, हे बैठकीत ठरणार होतं. मी प्रत्येक निष्कर्षाला एकच प्रश्न विचारला: हा उलटा निघाला असता, तर निर्णय बदलला असता का? नसता, तर परिशिष्टात. मुलांना चित्रांची पुस्तकं जास्त आवडली, परिशिष्टात. शिक्षकांना प्रशिक्षण लांबलेलं वाटलं, तेही परिशिष्टात. शेवटी चार निष्कर्ष उरले आणि मी स्वतःवर खूश झाले. पद्धत चांगलीच होती, आजही तीच वापरते.

पहिल्याच स्लाइडवर होतं: वाचनाचे सरासरी गुण ४१ वरून ५२. अकरा गुणांची वाढ. आकडा खरा होता, अहवालातूनच उचललेला.

पान ७१ वर मात्र असं होतं की सुरुवातीच्या चाचणीला २४० मुलं होती आणि शेवटच्या चाचणीला १८०. मधल्या काळात ६० मुलं गळाली. जी टिकली त्यांची सुरुवातीची सरासरी ४७ होती, गळालेल्यांची २३. म्हणजे त्याच मुलांची त्याच मुलांशी तुलना केली, तर वाढ पाच गुणांची. उरलेले सहा गुण कोणी कमावलेले नव्हते. मागे असलेली मुलं निघून गेली आणि सरासरी आपोआप वर सरकली. शिवाय ज्यांच्यासाठी वर्ग काढले, तीच मुलं टिकली नाहीत, ही त्याहून मोठी गोष्ट होती.

हे पान मी वाचलं होतं. चुकून सुटलं असतं तर बरं झालं असतं. ते 'अभ्यासाच्या मर्यादा' या प्रकरणात होतं आणि ते प्रकरण मी एकगठ्ठा बाजूला ठेवलं होतं. माझा प्रश्न मी निष्कर्षांना विचारत होते. मर्यादांना तो विचारायचा असतो, हे डोक्यातच आलं नाही. वर्ग वाढवायचं ठरलं. वर्षभराने नव्या शाळांमधूनही कच्ची मुलंच आधी गळाली, तेव्हा कोणीतरी मूळ अहवाल उघडला.

मी तेव्हा म्हणाले, "अहवाल सगळ्यांकडे होता की." कितीतरी दिवस हेच म्हणत होते. खोटं नव्हतं ते. पण पंधरा मिनिटं मागितली जातात ती ११२ पानं वाचायला कोणाला वेळ नसतो म्हणूनच, आणि हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं?

पुढे चॅलेंजर अवकाशयानाच्या अपघाताची चौकशी वाचनात आली. २८ जानेवारी १९८६च्या उड्डाणाच्या आदल्या रात्री, थंडीत रबरी सील टिकतील का यावर अभियंत्यांची चर्चा झाली. त्या चर्चेत तापमान आणि नुकसान यांचा मेळ बघताना सीलना इजा झालेलीच उड्डाणं धरली गेली. इजा न झालेली बाजूला राहिली. काही घडलंच नाही, तर दाखवायचं काय? चौकशी आयोगाने सगळी उड्डाणं एकत्र मांडली. सीलचं तापमान सुमारे १९ अंश सेल्सियस किंवा त्याहून जास्त असलेल्या वीस उड्डाणांपैकी फक्त तिनांत इजा होती. सुमारे १७ अंश किंवा त्याखालच्या चारही उड्डाणांत होती. गाळलेल्या ओळी परत आल्यावरच थंडी ठळक दिसली. माझी चूक त्या पंगतीतली नाही, हे कळतं मला. पण न दिसणाऱ्या ओळी म्हणजे काय, ते तिथे कळलं.

आता मी ठेवलेल्या प्रत्येक आकड्याखाली, त्याच स्लाइडवर, त्याला लहान करणारी ओळ लिहिते. "५२, पण ६० मुलं यात नाहीत." मागच्या जादा स्लाइडवर नाही. त्या कोणी उघडत नाही, मीसुद्धा नाही. आणि मर्यादांचं प्रकरण सगळ्यांत आधी वाचते, निष्कर्षांच्याही आधी.

याने सगळं सुटलं का? नाही. अशा ओळी तीनहून जास्त झाल्या की ऐकणाऱ्याला वाटतं, हिला स्वतःलाच खात्री नाही, आणि मग मुख्य गोष्टही पोचत नाही. गेल्या वेळी साहेब म्हणाले, "यातली एक काढा, फार सावध वाटतंय." एका वर्गात चाचणी आठवडाभर उशिरा झाली होती, ती ओळ मी काढली. निर्णय बदलला नसता, असं मला वाटलं.

पान ७१ च्या वेळीही मला तसंच वाटलं होतं.