नागपुरात खोली घेताय? आधी मीटरचा खटका पाडा

दारव्ह्याकडून नागपूरला शिकायला येणाऱ्या पोरांसाठी लिहितो आहे. एसटी, गणेशपेठ, कॉलेजचे कागद, खोली सापडणं, या सगळ्याची चिंता नको, ते होतं. फसवणूक लाईटबिलात आहे.

आमची दोघांत चार हजारांची खोली, लाईट सबमीटरप्रमाणे, १४ रुपये युनिट. पहिल्याच महिन्यात ६५ युनिट! एक पंखा, एक ट्यूबलाईट, दोन मोबाईल आणि लॅपटॉप. पंखा ७५ वॅटचा, पंधरा तास फिरला तरी दिवसाला सव्वा युनिटच्या आत. सगळं धरून महिन्याला चाळीस-बेचाळीस व्हायला हवेत. मग वरचे कुठून आले?

खोलीतला मेन खटका खाली पाडला आणि सबमीटरपाशी जाऊन उभा राहिलो. लाल लाईट लुकलुकतच होता. जिन्याखाली पाण्याची मोटर घरघरत होती. एक एचपीची मोटर रोज तासभर चालली की महिन्याला बावीस-तेवीस युनिट. हिशेब जुळला. खोली ठरवण्याआधी ही तपासणी कराच, मोटर चालू असताना. आणि राहायला जाल त्या दिवशी रीडिंगचा फोटो काढा.

१४ चा दर मात्र निव्वळ थाप नसतो. अख्ख्या घराचं एकच मीटर असेल, तर सगळ्यांचे युनिट एकत्र मोजले जातात आणि १००, ३०० च्या पुढे दर चढत जातो. म्हणून महावितरणचं मूळ बिल मागा आणि एकूण रकमेला एकूण युनिटनं भागा. समजा ६०० युनिटचे ६,३०० आले, तर दर साडेदहा. त्यावर रुपयाभर जास्त मागितला तर द्या, वाद घालू नका. बिल दाखवतच नसतील तर दुसरी खोली पाहा.

एप्रिलमध्ये घरमालकीण काकू म्हणाल्या, "कूलर लावसान तं पाचशे वेगळे." कूलर २०० वॅटचा, रात्रीचे दहा तास म्हणजे दोन युनिट, महिन्याला साठ. ते सबमीटरवर पडतातच. पाचशे कशाचे? साफ नाही म्हणा.

मेसमध्ये पैसे भरण्याआधी खाड्याचा नियम विचारा. आमच्याकडे सलग चार दिवस जेवणार नाही असं आधी सांगितलं तरच खाडा धरून पैसे वजा करतात, म्हणजे शनिवार-रविवार गावाला गेलात तर ते जेवण बुडालं. दर पंधरा दिवसांनी घरी जाणाऱ्यानं कूपनची मेस घ्यावी. वरण पातळ असतं, पण ते सगळीकडेच.

डिपॉझिट जुलैत मागतात, आणि घरचा पैसा तेव्हा बियाणं-खतात गेलेला असतो. त्यासाठी सावकाराकडे जाऊ नका. अर्धं आता, अर्धं सोयाबीन विकल्यावर दिवाळीत, असं सरळ बोला आणि दिलेल्याची पावती घ्या. आमच्या काकूंनी हे लगेच ऐकलं. मोटरीचं कनेक्शन मात्र अजून आमच्याच मीटरवर आहे. दर महिन्याला मी तेवीस युनिट वजा करून पैसे देतो आणि दर महिन्याला भांडण होतं.