काका गोठ्याकडं का जातात

मॅडमनी माझ्या नर्सिंगच्या संशोधनाचं सिनॉप्सिस परत दिलं. लाल पेन नाही, रेघोट्या नाहीत, ‘भेटा’ असंही नाही. फक्त पद्धत म्हणून मी लिहिलेल्या ‘फिनॉमेनॉलॉजी’ ह्या शब्दापुढं, म्हणजे माणसाचा अनुभव आतून कसा असतो ते बघण्याच्या पद्धतीपुढं, पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह. चांगल्या चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. शिवीला उत्तर तरी देता येतं.

त्यात कॅन्टीनमध्ये धाकट्या सिस्टर म्हणाल्या, “ताई, कंटेंट ॲनालिसिस घ्या की. लवकर उरकतंय.” बोलल्या आणि भजी खाऊ लागल्या. माझ्या मात्र तेव्हापासून ते घशात अडकलंय. उरकतंय म्हणजे काय? मी काय उरकायला बसलेय? नाईट ड्युटी करून, घरचं सगळं निस्तरून ह्या वयात शिकायला घेतलं, ते उरकण्यासाठी? आणि लगेच दुसरं मन म्हणतं, बाई, मग तुला फिनॉमेनॉलॉजीच का पाहिजे? खरं सांग. नाव भारदस्त आहे म्हणून ना? व्हायव्हात तो शब्द उच्चारला की मान जरा ताठ होते म्हणून?

असेल. तेही असेल.

माझा प्रश्न साधा होता. डायलिसिसवरच्या पेशंटला पाणी मोजून प्यावं लागतं. दिवसभरात जेवढी लघवी होते तेवढं आणि वर साधारण अर्धा लिटर, एवढाच हिशेब. ज्याची लघवीच बंद झालीय त्याच्या वाट्याला तो अर्धा लिटरच. त्यात चहा आला, ताक आलं, आमटी आली आणि आपल्याकडं तर पांढरा रस्साही आला. रश्श्यातलं पाणी पाण्यात धरायचं हे कोल्हापूरच्या माणसाला पटवणं म्हणजे काय असतं ते मला विचारा. वर रश्श्यातलं मीठ तहान वाढवतं ते वेगळंच. तर हे पेशंट ह्या पाण्याच्या बंधनासह कसे जगतात, हे मला विचारायचं होतं. मी लिहिलं ‘लिव्हड एक्सपिरियन्स’, म्हणजे जगलेला अनुभव, आणि पुढं आपोआप फिनॉमेनॉलॉजी. सगळेच तसं लिहितात.

पन्हाळ्याच्या बाजूचे काका आहेत, त्यांच्याशी सहज बोलले होते तेव्हाचं एक वाक्य वहीत आहे. “पाणी मोजूनच पितोय ओ. पण पोरगं रानातनं येतंय, समोर बसून तांब्या तोंडाला लावतंय, तवा मी उठून गोठ्याकडं जातोय.” मी विचारलं, तिथं जाऊन काय करता? म्हणाले, “म्हशीला पाणी दावतो.”

आज दुपारी तेवढंच वाक्य घेऊन बसले. म्हटलं, तीन पद्धती, एक वाक्य. बघू कोण काय करतंय त्याचं.

आधी कंटेंट ॲनालिसिस, कारण राग तिच्यावरच होता. ग्रॅनहाइम आणि लुंडमन ह्या दोघींनी 2004 साली नर्सिंगसाठीच लिहून ठेवलंय, त्यांच्या वाटेनं गेले. मुलाखतीतला अर्थाचा एक तुकडा उचलायचा. तो आवळायचा, पण पेशंटच्या बोलण्याला धरून. माझा झाला, ‘मुलगा पाणी पिताना समोरून उठून जाणं’. त्याला कोड दिला, ‘तहान चाळवणाऱ्या प्रसंगातून बाजूला होणं’. मग त्याच्या शेजारी बाकीच्यांचे कोड ठेवले. कागलच्या मावशी बर्फाचा खडा चघळतात, एक जण नुसती चूळ भरतात, एकाने तांब्या टाकून चहाचा कप धरलाय. सगळ्यांची मिळून कॅटेगरी झाली, ‘तहान भागवण्याऐवजी चुकवणं’. वाईट नाही. उद्या युनिटमध्ये नव्या पेशंटला समजवायचं तर हे कामाचं आहे. पण म्हैस गेली. त्या कॅटेगरीत म्हशीला जागाच नाही.

मग फिनॉमेनॉलॉजी. इथं मला बाकी कुणाशी तुलना करायची घाई नाही. काकांच्या त्या एका क्षणापाशीच थांबायचं. तांब्या तोंडाला लावल्याचा आवाज येतो तेव्हा अंगात काय होतं? उठताना कुणी बघतं का? जी गोष्ट आपण पिऊ शकत नाही तीच बादलीभर दुसऱ्याला पाजताना काय वाटतं? घरातला कर्ता माणूस आता घरात काय देऊ शकतो, असलंही काही त्यात असेल. म्हैस इथं मधोमध उभी राहते. मला हेच आवडलं होतं, उगीच नाही.

पण एकदा मशिनशेजारी उभं राहून झालेल्या बोलण्यातून हे येत नाही. त्यासाठी थोडी माणसं लागतात आणि पुष्कळ वेळ. पुन्हा जायला लागतं, शक्यतो त्यांच्या घरी, त्याच गोठ्याशेजारी. आणि मी सिनॉप्सिसमध्ये काय लिहिलंय? पंचवीस पेशंट, प्रत्येकी एक मुलाखत, डायलिसिस चालू असताना. शेजारच्या बेडवरचा ऐकतोय, अलार्म वाजतोय, शेवटच्या तासात प्रेशर पडून माणूस गळून गेलाय. मॅडमची पेन्सिल तिथं थबकली असणार. असल्या मुलाखतींतून शेवटी ‘शारीरिक अडचणी, मानसिक अडचणी, आर्थिक अडचणी’ असे तीन मथळे निघतात. निष्कर्षाचे मथळे माझ्या प्रश्नावलीच्या मथळ्यांशी जुळले, की समजायचं अनुभव काही हाती आलेला नाही. मी विचारलं तेच मला परत मिळालंय.

शिवाय दुसरी गोष्ट, आणि ही जास्त बोचते. ह्याच पेशंटचं वजन काट्यावर मीच करते. दोन डायलिसिसमध्ये तीन किलो वाढलं की “काका, काय हे?” असं मीच म्हणते. मग मुलाखतीत “पाणी मोजूनच पितोय” हे पहिलं वाक्य ते कुणाला सांगत होते? मला की काट्याला? फिनॉमेनॉलॉजीत हुसर्ल ह्या तत्त्वज्ञाच्या वाटेनं जाणारे म्हणतात, आपल्याला आधीपासून ठाऊक असलेलं कंसात बाजूला ठेवा. मी ठेवीन हो. पण काकांनी मला कंसात कसं ठेवायचं? हायडेगरची वाट धरणारे म्हणतात, ते बाजूला ठेवणं जमतच नाही, आपण कुठं उभे आहोत ते उघड लिहा. हे मला पटतं. पण पेशंटनं माझ्यापासून जे लपवलं ते माझ्या उघड लिहिण्यानं काही परत येत नाही. म्हणजे मुलाखती दुसऱ्या कुणीतरी घ्यायला हव्यात. तेवढं मात्र कुठलीही पद्धत घेतली तरी बदलायचं नाही.

तिसरी ग्राउंडेड थिअरी, म्हणजे माणसांच्या बोलण्या-वागण्यातनंच सिद्धांत उभा करायची पद्धत. तिच्याकडं मी भीतभीतच गेले आणि तिथंच सगळ्यात जास्त रमले. ग्लेझर आणि स्ट्रॉस ह्यांनी 1967 साली ही पद्धत पुस्तकातून मांडली, पण त्याआधी ते सॅन फ्रान्सिस्कोकडच्या हॉस्पिटलांत मरणासन्न पेशंट बघत होते. पेशंटला काय माहीत आहे, नर्सला काय माहीत आहे, घरचे काय लपवतात, आणि त्यावरून सगळ्यांचं वागणं कसं ठरतं, हे. स्ट्रॉस तर नर्सिंग स्कूलमध्ये शिकवायचे. म्हणजे आपल्याच घरातलं की हे.

त्यांच्या रीतीनं वाक्याला क्रियेचं नाव द्यायचं, ‘उठून जाणं’. आणि लगेच दुसऱ्याशी तुलना. कागलच्या मावशी उठून जात नाहीत, सुनेलाच सांगतात, हंडा माझ्या नजरेआड ठेव. एक तरुण पोरगा चोरून पितो आणि वजन वाढलं की जेवणावर ढकलतो. मग प्रश्न पडला, घरात पाण्याचा हिशेब कुणाच्या हातात आहे? स्वतःच्या, सुनेच्या की कुणाच्याच नाही? आणि तो हात कधी बदलतो? हे सुचलं की पुढचा पेशंट तोच शोधायचा जो हा प्रश्न पुढं नेईल, म्हणजे एकटा राहणारा, किंवा नुकतंच डायलिसिस लागलेला. पंचवीस मुलाखती आधी उरकून मग कोडिंगला बसलं तर ती ग्राउंडेड थिअरी नव्हेच, नाव काहीही द्या. मुलाखत, कोडिंग, टिपण, मग पुढच्या माणसाची निवड, असं आलटून पालटून चालतं. प्रश्नही वाटेत बदलतात. आणि आमच्या एथिक्स कमिटीला नमुनासंख्या, निवडीचे निकष, प्रश्नावली सगळं आधी ठरलेलं पाहिजे. बदल केला की दुरुस्तीचा अर्ज, पुढच्या मीटिंगची वाट. सबमिशनची तारीख काही थांबणार नाही.

इथं थोडं रडू आलं. नाव कुठलंही घेतलं की कागदपत्रं नाहीतर वेळ आडवा येतो, आणि शेवटी हातात राहतं तेच, जे भजी खाता खाता कुणीतरी सुचवलंय. हाच खरा अपमान. म्हणजे त्या बाई बरोबर होत्या हा.

मग मॅडम वर्गात सांगतात ते करून बघितलं. निष्कर्षाचं शेवटचं वाक्य आधी लिहायचं, कोऱ्या कागदावर, पद्धतीचं नाव न घेता. तीन तऱ्हेनं लिहिलं. ‘तहान अशी असते की…’ हे एक. ‘हिशेब दुसऱ्याच्या हातात गेला की पेशंट असं असं वागतात’ हे दुसरं. ‘पेशंट पाणी सांभाळण्याबद्दल हे, हे आणि हे सांगतात’ हे तिसरं. आणि आता ह्यातलं कुठलं वाक्य युनिटला पाहिजे, कुठल्याला माझ्याकडचं साहित्य पुरेल, हे बघायचं. तिसरं. सरळ तिसरं. आमच्याकडं नव्या पेशंटला पाण्याबद्दल जे सांगितलं जातं ते सगळं आपल्या तोंडचं असतं, पेशंटच्या तोंडचं त्यात काही नसतं. ते गोळा झालं तरी पुष्कळ.

तर शीर्षकातला ‘लिव्हड’ काढला. कॅटेगरी आधी ठरवायच्या नाहीत, बोलण्यातनंच काढायच्या, असं स्पष्ट लिहिलं. किती जण काय म्हणाले ह्याचे आकडे द्यायचे नाहीत असंही ठरवलं, कारण ज्याला मी तहानेबद्दल विचारलं तो तहानेबद्दलच बोलणार, त्याची टक्केवारी काढून काय सिद्ध होतंय? मुलाखती घ्यायला दुसऱ्या वॉर्डातलं कुणी मिळतंय का बघायचं. कोडिंग दोघींनी वेगवेगळं करून मग ताडून बघायचं. दुसरी कोण? भजीवाल्या. उरकूनच दाखवा म्हणावं.

संध्याकाळी ह्यांनी विचारलं, ठरलं का एकदाचं? म्हटलं, कंटेंट ॲनालिसिस. “सोपं असतंय ना ते?” मी काहीच बोलले नाही. मुलाखतीच्या सहा ओळी आणि पेन्सिल त्यांच्या हातात दिली, म्हटलं प्रत्येक ओळीला कोड द्या. चष्मा लावून अगदी मन लावून बसले. कागद परत दिला तेव्हा सहाही ओळींपुढं एकच कोड होता. ‘पाणी’.