ज्या तक्रारीला रकानाच नव्हता

लिंगाला ताठरता व्यवस्थित येत होती, इच्छाही होती, आणि तरीही पस्तीस-चाळीस मिनिटांच्या संभोगानंतर वीर्यस्खलन न होताच मला थांबावे लागत होते. सुरुवातीला हे अधूनमधून घडले. मग जवळजवळ प्रत्येक वेळी घडू लागले. सहा-सात महिने मी थकवा, कामाचा ताण, अपुरी झोप अशी कारणे स्वतःलाच देत राहिलो. पत्नीने मात्र वेगळाच अर्थ लावला होता. आपण यांना आवडेनाशा झालो आहोत, असे तिला वाटत होते आणि ते तिने बरेच महिने बोलून दाखवले नव्हते. आम्हाला मूल हवे होते, त्यामुळे प्रश्न केवळ सुखाचा राहिला नव्हता.

पहिल्या दवाखान्यात डॉक्टरांना भेटण्यापूर्वी एक छापील अर्ज भरावा लागला. त्यात ‘तक्रारीचे स्वरूप’ या शीर्षकाखाली दोनच चौकटी होत्या : ताठरता न येणे आणि शीघ्रपतन. माझी तक्रार या दोन्हींत बसत नव्हती. मी स्वागतकक्षातील मदतनिसांना हळू आवाजात तसे सांगितले, तेव्हा त्यांनी ‘जे जवळचे वाटेल त्यावर खूण करा’ असे सुचवले. मागे माणसे उभी होती. मी ताठरतेच्या चौकटीत खूण केली आणि शेजारच्या कोऱ्या जागेत बारीक अक्षरांत ‘ताठरता येते, स्खलन होत नाही’ असे लिहिले. त्या एका खुणेने माझे पुढचे तीन महिने वाया घालवले.

डॉक्टरांनी चौकट वाचली, कोऱ्या जागेतले वाक्य वाचले नाही. ‘स्खलन उशिरा होते,’ असे मी तोंडाने सांगितल्यावर ते म्हणाले, ‘मग चांगलेच आहे की, बहुतेकांची तक्रार उलट असते.’ हे वाक्य मी पुढे आणखी दोन ठिकाणी ऐकले, आणि दर वेळी माझे पुढचे बोलणे त्याने तिथेच थांबवले. त्यांनी सिल्डेनाफिलच्या गोळ्या लिहून दिल्या. या गोळीमुळे लिंगातील रक्तप्रवाह वाढतो आणि ताठरता टिकते. स्खलन ही मज्जासंस्थेकडून चालणारी वेगळी क्रिया आहे, आणि तिला ही गोळी चालना देत नाही. परिणामी माझी ताठरता अधिक वेळ टिकू लागली, म्हणजेच शेवट न होणारा प्रयत्न अधिक लांबला. पत्नीला त्रास होऊ लागला, मला खरचटले, आणि पुढच्या खेपेला गोळीची मात्रा वाढवून मिळाली.

त्या तीन महिन्यांत माझ्या मनाने एक नवे वळण घेतले, ज्याचा उलगडा मला फार उशिरा झाला. संभोग सुरू होताच मी स्वतःकडे परीक्षकासारखे पाहू लागलो : आता किती वेळ झाला, जवळ आलो का, आज होईल का. असे लक्ष ठेवणारा माणूस स्पर्शात राहत नाही, आणि स्पर्शात राहिल्याशिवाय तो क्षण येत नाही. कारण मूळचे काहीही असो, ही देखरेख त्यावर स्वतःचा थर चढवते. चुकीच्या उपचाराने माझे सर्वांत मोठे नुकसान केले ते हेच, आणि त्याबद्दलचा राग अजूनही शमलेला नाही.

दुसऱ्या ठिकाणी भेटलेल्या मूत्ररोगतज्ज्ञांनी कोणताही अर्ज पुढे न करता चार प्रश्न विचारले. हे पूर्वी होत होते का? एकट्याने हस्तमैथुन करताना होते का? झोपेत आपोआप वीर्य जाते का? आणि सध्या कोणकोणती औषधे चालू आहेत? आयुष्यात कधीच झाले नसेल, तर विचार एका दिशेने जातो. आधी होत असून नंतर थांबले असेल, तर मधल्या काळात काय बदलले याचा शोध घ्यावा लागतो. एकट्याने किंवा झोपेत होत असेल, तर नसांचा मार्ग बहुधा शाबूत असतो. माझे उत्तर असे होते : पूर्वी होत असे, झोपेत क्वचित होते, एकट्याने होते पण फार जोर लावावा लागतो. आणि दहा महिन्यांपासून चिंताविकारासाठी सर्ट्रालिन, रोज १०० मिलिग्रॅम.

त्यांनी लेखणी खाली ठेवली. या गटातील औषधे मेंदूतील सेरोटोनिनचा प्रभाव वाढवतात आणि तोच प्रभाव स्खलनाला लगाम घालतो. म्हणूनच याच गटातील औषधे शीघ्रपतनावर वापरली जातात, असे त्यांनी समजावले. माझी तक्रार गोळी सुरू झाल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी उद्भवली होती. ही सांगड मला स्वतःला कधीच घालता आली नव्हती, कारण गोळीचा विषय मनाच्या खात्यात होता आणि हा विषय शरीराच्या. तरीही त्यांनी रक्तशर्करा, थायरॉईड, प्रोलॅक्टिन आणि सकाळचे टेस्टोस्टेरॉन तपासून घेतले, कारण मधुमेहात नसा बधिर होतात आणि संप्रेरकांचा बिघाडही असाच दिसतो. सर्व अहवाल सामान्य आले.

गोळी एकदम बंद करू नका, हे मी इथेच सांगून ठेवतो. मी रागाच्या भरात दोन दिवस ती घेतली नाही आणि चक्कर, अस्वस्थता व रात्रीची झोपमोड यांनी हैराण झालो. मनोविकारतज्ज्ञांनी नंतर टप्प्याटप्प्याने मात्रा ५० मिलिग्रॅमवर आणली आणि चिंता परत येते का यावर लक्ष ठेवले. ती परत आली असती, तर ब्युप्रोपिऑन किंवा मिर्टाझापिन यांसारख्या, हा परिणाम कमी असलेल्या औषधांचा विचार त्यांनी केला असता. मात्र प्रत्येक औषध प्रत्येक विकाराला लागू पडत नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. केवळ या तक्रारीसाठी म्हणून मान्यता मिळालेली गोळी नाही, त्यामुळे तशी जाहिरात दिसली तर सावध राहावे.

महिन्याभरात एकट्याने स्खलन सहज होऊ लागले, पण संभोगात नाही. उरलेले कारण सांगताना मला संकोच वाटतो. गोळीच्या काळात मला मुठीची घट्ट पकड आणि अतिवेगवान हालचाल यांची सवय लागली होती, आणि योनीत तसा दाब कधीच मिळत नाही. समुपदेशकांनी तीन आठवडे हस्तमैथुन पूर्ण बंद ठेवायला, नंतर वंगण लावून सैल पकडीने आणि सावकाश करायला सांगितले. त्यांनी संभोगाला वीस मिनिटांची मर्यादाही घातली, स्खलन होवो अथवा न होवो. या मर्यादेने माझी देखरेख सर्वांत जास्त सैल केली, कारण थांबणे हे अपयश राहिले नाही. पत्नी एका भेटीला सोबत आली, आणि तिथेच तिने आपल्या मनातली शंका पहिल्यांदा उच्चारली.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. परमोच्च क्षण जाणवत असेल पण वीर्य बाहेर येत नसेल, तर तो वेगळा प्रकार असू शकतो. त्यात वीर्य मागे मूत्राशयात जाते आणि नंतरची लघवी गढूळ होते. प्रोस्टेटसाठीच्या टॅम्सुलोसिनसारख्या औषधांनी किंवा मधुमेहानेही वीर्य असे बाहेर येईनासे होते, आणि मागे जात असेल तर लघवीच्या तपासणीत ते कळते. मला तो क्षणच येत नव्हता, म्हणून ही तपासणी लागली नाही.

साडेचार महिन्यांनी संभोगात पहिल्यांदा स्खलन झाले. आता दर वेळी होते असे नाही. चारांपैकी तीनदा होते. पहिल्या दवाखान्यात मी परत एकदाच गेलो, माझ्या कागदांची प्रत घ्यायला. त्या अर्जातील माझे बारीक अक्षरांतले वाक्य तसेच होते, आणि त्याच्याखाली दुसऱ्या कोणाच्या तरी हातचे लिहिले होते : ‘ताठरतेची तक्रार.’