गोल टिंबाने माझे तीन दिवस खाल्ले

फोंड्याला माझं छोटं रिपेअरिंगचं काम आहे. पावसाळ्यात एका बर्फाच्या कारखान्यातून अलार्मचं कार्ड आलं, सोबत झेरॉक्सची झेरॉक्स असलेला डायग्राम. एक आयसी मेलेला, त्यावरचा नंबर कुणीतरी घासून काढलेला, आणि पार्ट्स लिस्टचं पान गायब. डायग्रामवर नुसतं U3. कार्ड बनवणाऱ्यावर अजून राग आहे माझा.

चित्रात U3 म्हणजे ऑर गेटचा आकार, दोन्ही इनपुटला बारीक गोल टिंब. इनपुटची नावं `/DOOR` आणि `/OVLD`, आउटपुट `ALARM`. मी आकार बघितला, ऑर म्हटलं आणि 7432 हा ऑर गेटचा आयसी बसवला. बसला पण मस्त, कारण खरा लागणारा 7400 आणि 7432 यांचे पिन सारखेच, म्हणून संशयच नाही आला.

भोंगा बंदच होईना! ट्रान्झिस्टर बदलला, रिले बदलला, पुल-अप रेझिस्टर काढून तपासले, तीन दिवस गेले आणि कारखान्याचा सुपरवायझर रोज फोन करून "बाबा, आज मिळेल ना?"

शेवटी वैतागून दोन्ही इनपुट एकदम ग्राउंडला लावले तर भोंगा गप्प. एकच लावला तर वाजतच राहतो. म्हणजे दार उघडं आणि मोटर ओव्हरलोड, दोन्ही झालं की शांतता!

तेव्हा ट्यूब पेटली. नावापुढची तिरकी रेघ सांगते की ही गोष्ट घडली की वायर झिरोवर जाते (कुठे नावावर आडवी रेघ असते, कुठे शेवटी `_N`, अर्थ एकच). दार बंद असताना पुल-अपमुळे लाइन 5 व्होल्टच्या आसपास, दार उघडलं की स्विच तिला ग्राउंडला ओढतो. म्हणजे सगळं ठीक असताना दोन्ही इनपुट हाय, आणि एक जरी इनपुट हाय दिसलं तरी 7432 भोंगा वाजवणारच, त्याचा काय दोष.

इनपुटवरच्या टिंबातून डायग्राम काढणाऱ्याला म्हणायचं होतं, हा झिरो किंवा तो झिरो झाला की आउटपुट वन. हे काम करतो 7400, म्हणजे नँड, कारण दोन्ही वन असतील तेव्हाच त्याचं आउटपुट झिरो. पॉझिटिव्ह लॉजिकमध्ये, हाय म्हणजे वन धरलं की तो नँड. निगेटिव्हमध्ये, लो म्हणजे वन धरलं की तोच नॉर. चिप तीच, व्होल्टेज तेच, वाचणाऱ्याने बदलायचं.

आता मी पेन्सिलीने प्रत्येक वायरवर आधी लिहितो, "0 = दार उघडं". रेघवालं नाव टिंबवाल्या पिनला येत असेल तर वाचन जुळतं, टिंब नसलेल्या पिनला आलं तर थांबून विचार करायचा, ते मुद्दाम केलेलंही असू शकतं.

74LS00, म्हणजे 7400 चाच एक प्रकार, बसवला, भोंगा गप्प. `/DOOR` ग्राउंडला लावला, वाजला. `/OVLD` लावला, वाजला. आणि हो, नॉर गेटच्या 7402 चे पिन वेगळे असतात, तो त्या जागी चालत नाही, हेही तेव्हाच कळलं कारण मधल्या वैतागात तोही घालून बघितला होता.