प्रश्न पाचच गुणांचा होता

खटाव तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी तिसरीला शिकवते. पहिल्या सत्राच्या मराठीच्या पेपरात मी एक प्रश्न घातला होता: ‘खालील वाक्यांतील अधोरेखित शब्दांचे विरुद्धार्थी शब्द वापरून वाक्ये पुन्हा लिहा.’ पाच वाक्यं, पाच गुण. ‘दिवस मोठा आहे’, ‘राजा सुखी होता’ असली सोपी वाक्यं. वर्गात चोवीस मुलं, आणि बरोबर लिहिलं फक्त सात जणांनी.

आधी वाटलं, विरुद्धार्थी शब्द कच्चे राहिलेत. पण पेपर शेजारी शेजारी मांडले तेव्हा दिसलं की चुका तीनच तऱ्हेच्या आहेत. आठ जणांनी वाक्यं जशीच्या तशी उतरवली होती. सहा जणांनी नुसते शब्द लिहिले होते: लहान, दुःखी. तिघांनी ‘लहान’ घेऊन स्वतःचंच नवं वाक्य केलं होतं, ‘माझी बहीण लहान आहे.’

वाक्यं उतरवणाऱ्या एका मुलीला जवळ बसवून विचारलं, “मोठाच्या उलट काय गं?” तिनं पटकन सांगितलं, “लहान.” मग असं का लिहिलंस? “बाई, वाक्य परत लिवा म्हणलंय की ह्यात.”

ती बरोबर होती. आपल्या सूचनांत खरं काम ‘वापरून’, ‘निवडून’, ‘ओळखून’ यांत दडलेलं असतं आणि वाक्य संपतं ते ‘लिहा’वर. नुकतं वाचायला लागलेलं मूल शेवटचं क्रियापद धरतं आणि तेवढंच करतं. नवी वाक्यं करणाऱ्या तिघांनी ‘वापरून वाक्ये लिहा’ म्हणजे ‘वाक्यात उपयोग करा’ असं घेतलं, कारण तो प्रश्न आम्ही वर्गात रोज घेतो.

दिवाळीनंतर मी सूचना नव्यानं लिहायला घेतली. पहिल्यांदा तिचे तीन तुकडे केले: १) रेघ मारलेला शब्द वाचा. २) त्याचा विरुद्ध अर्थाचा शब्द शोधा. ३) तो घालून वाक्य लिहा. शेजारच्या वस्तीशाळेतल्या सहा मुलांना ती दिली, कारण माझ्या मुलांना जुना प्रश्न ठाऊक झाला होता. मुलांना एकही शब्द समजावायचा नाही, असं तिथल्या गुरुजींशी ठरवलं होतं. चौघांनी वहीत १, २, ३ असे आकडे घालून तीन उत्तरं लिहिली! आकडा दिसला की तो उपप्रश्न, हे आम्हीच त्यांना शिकवलंय.

त्याच कागदावर आणखी एक गोष्ट सापडली. ‘सुखी’खाली रेघ मारली की ती ‘सु’च्या उकारावरून जाते, आणि झेरॉक्समध्ये उकार बुजतो. एकानं ‘सखी’ असं वाचलं. म्हणून रेघ काढून शब्दाला चौकट केली. ‘अधोरेखित’ हा जड शब्दही त्याबरोबर गेला.

मग एकच सूचना लिहिली, पण कामाच्या क्रमानं, दोन क्रियापदं उघडी ठेवून: ‘चौकटीतला शब्द काढा. त्या जागी विरुद्ध अर्थाचा शब्द घालून पूर्ण वाक्य लिहा.’ खाली नमुना दिला, ‘पाणी गरम आहे. – पाणी थंड आहे.’ या वेळी दुसऱ्या सहा मुलांना दिली. चौघांचं जमलं. दोघांनी मात्र ‘दिवस मोठा नाही’ लिहिलं. ‘आहे’च्या उलट ‘नाही’, हे त्यांच्या दृष्टीनं चुकीचं नव्हतं. ‘नाही वापरू नका’ अशी ओळ घालायचा मोह झाला, पण आणखी एक ओळ म्हणजे चुकायला आणखी एक जागा. त्यापेक्षा नमुनाच बदलला: ‘दादा लवकर आला. – दादा उशिरा आला.’ प्रश्नातली ‘आहे’ची वाक्यंही कमी केली.

‘विरुद्धार्थी’ शब्द काढू नका, पुढच्या परीक्षांत तो येणारच, असं एका सहकारी बाईंचं म्हणणं होतं. ते मला पटलं. तो मी वर्गात फळ्यावर रोज वापरते. पण या प्रश्नात मला त्या शब्दाची ओळख तपासायची नव्हती.

दुसऱ्या सत्रात वाक्यं वेगळी होती, सूचना नवी. तोवर मुलं सहा महिन्यांनी मोठी झाली होती आणि सरावही झाला होता, त्यामुळे सगळं श्रेय सूचनेला देता येत नाही. पण चोवीसांपैकी एकवीस जणांनी शब्द बदलून पूर्ण वाक्यं लिहिली. त्यांतल्या चौघांचे शब्द चुकले, ‘स्वस्त’च्या जागी ‘भारी’ असे. या चौघांना काय येत नाही ते मला पहिल्यांदाच नीट दिसलं, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना घेऊन बसले.