चार्जर संते

रविवार, रात्री साडेदहा

सोसायटीतला ई-कचरा घेऊन गाडी गेली. पार्किंगमधली टेबलं आत नेली. पाठ दुखतेय, पण झोप येत नाहीये त्याचं कारण पाठ नाही.

सेक्रेटरी सगळ्यांसमोर म्हणाले, "नाव मात्र झकास सुचलं हं वॉचमनमामांना." टाळ्या. मीही वाजवल्या. मामा लाजले आणि झाडू घेऊन उगाच कोपऱ्यात गेले. तेव्हापासून माझ्या डोक्यात हे एवढंच फिरतंय. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "एवढं काय त्यात." एवढं काय त्यात हे मलाही कळतंय, म्हणून तर लिहायला बसले.

फेब्रुवारीत असंच संकलन ठेवलं होतं, त्याचं नाव माझं होतं. चार रात्री घालवल्या होत्या त्यावर. ई-कचरा हा शब्द मला पहिल्यापासून नको होता. आमच्याकडची पोरं तो शब्द "ईऽऽ, कचरा" असाच म्हणतात, नाक मुरडून. आणि वीस हजारांना घेतलेला मोबाईल कोण स्वतःच्या तोंडाने कचरा म्हणेल? दिल्लीचे नियम हिंदीत वाचले तर तिथं 'अपशिष्ट'. कन्नडातला सरकारी शब्द 'त्याज्य', तो मराठी कानाला सोवळ्यातला वाटतो. मग एका रात्री सुचलं: ई-कस. कन्नडात कस म्हणजे केर. मराठीत कस म्हणजे जमिनीचा असतो तो, सत्त्व. त्यात पुन्हा सोन्याचा कस! मोबाईलच्या बोर्डावरच्या टोकांना सोन्याचा मुलामा असतोच. म्हणजे एकाच शब्दात त्यांचा केर आणि आमचं सोनं. बेळगावातच सुचू शकेल असं नाव. मी त्या रात्री अक्षरशः उठून पाणी प्यायले.

सेक्रेटरी तेव्हाच म्हणाले होते, "वहिनी, छान आहे, पण ह्याला खाली टीप लागंल." मला वाटलं, त्यांना भाषेतलं काय कळतंय.

बोर्ड मीच रंगवला. कन्नड वर, मराठी खाली, अक्षरं एका मापाची. त्या मापावरून आमच्याकडे एकदा भांडण होऊन गेलंय, पुन्हा नको होतं. आणि तिथंच घाण केली. कन्नडात ई-मेलचा इ ऱ्हस्व लिहितात. मी मराठीच्या सवयीने दीर्घ काढला. दीर्घ ई म्हणजे कन्नडात 'हा, ही, हे'. म्हणजे बोर्डावर ठसठशीत अक्षरांत काय लिहिलं होतं, तर 'हा केर'. हा केर, रविवारी, पार्किंगमध्ये. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी नारळाच्या शेंड्या आणि करवंट्या घेऊन खाली आल्या, त्यांचं काय चुकलं? मराठी घरांनी 'ई, कस?' असं वाचलं आणि ते आलेच नाहीत.

खाली मी नियमही लिहिले होते. 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू, यादीत आधीच्या 21 ऐवजी 106 वस्तू. मला वाटलं, आकडा बघून लोक गंभीर होतील. आकडा बघून लोक लिफ्टमध्ये शिरले.

चौदा किलो जमलं. गाडीवाल्यांची अट किमान शंभर किलोची, त्याखाली गाडी पाठवत नाहीत. नोंदणी असलेलं ठिकाण शोधायचं, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर त्यांचं नाव आहे का बघायचं, फोन करकरून पटवायचं, आणि शेवटी चौदा किलो. ते पोतं दोन महिने मीटररूममध्ये पडून होतं. नंतर एक दिवस नव्हतं. कुणी भंगारात दिलं ते मला माहीत आहे. त्यातल्या वायरींचं पुढं काय होतं तेही माहीत आहे: वरचं प्लॅस्टिक उघड्यावर जाळतात, आतलं तांबं काढतात. जाऊ दे, तो विषय नको.

तर आता गणपतीच्या आधीचा रविवार धरायचा हे माझंच डोकं होतं, हे इथं तरी नोंदवून ठेवते. मखराची खोकी उतरतात तेव्हा मेलेल्या लाइटच्या माळा निघतात, कपाटं उघडतात. नवीन नाव शोधत होते. 'भंगार' घातलं तर लोक दर विचारणार. 'दान' घातलं तर आपण खोटं बोलणार, कारण ह्या वस्तू कुणा गरजूला जाणार नाहीत, फोडल्या जाणार. माझ्या वहीत सतरा नावं झाली.

तेवढ्यात कळलं, नाव पडलेलं आहे. गेटवर मामा कामाला येणाऱ्या बायकांना सांगत होते, "येत्या रविवारी आमच्यात चार्जर संते हाय. दहा ते एक. बंद पडलेलं समदं आणा म्हणून सांगा की बाईस्नी." त्या बायका घरोघरी गेल्या. सोमवारी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यात विचारलं, "अगं, ती चार्जर संते कितीला सुरू?" मी म्हटलं, ई-कचरा संकलन. त्या म्हणाल्या, "ते नंतर. आधी संते कितीला?"

मी मामांना जरा चिडूनच विचारलं की हे नाव कुणी दिलं. ते म्हणाले, "नाव कुठं दिलोय अक्का? काय हाय ते सांगूलालोय."

हे वाक्य मला लागलं. अजून लागतंय.

आज सकाळी दहाला टेबल मांडलं आणि मग मला एकेक दिसायला लागलं. संते म्हणजे आठवड्याचा बाजार, हे बेळगावात मराठी घरात काय नि कन्नड घरात काय, कुणाला सांगावं लागत नाही. ठरलेली जागा, ठरलेली वेळ, आणि एकदा उठली की उठली. 'अभियान' कधी संपतं कुणाला माहीत नसतं, म्हणून त्याला कुणी धावत जात नाही. आज साडेबाराला लोक अक्षरशः पळत येत होते.

पण खरी गंमत 'चार्जर'मध्ये होती. बी विंगमधले निवृत्त मास्तर आले, प्लॅस्टिकच्या पिशवीत सहा चार्जर, काही जुन्या बारीक पिनचे, काहींच्या वायरी मानेपाशी तुटलेल्या. चार्जरला कुणाची माया नसते. त्यात फोटो नसतात, नंबर नसतात, त्याची किंमतही कुणाला आठवत नाही. मास्तरांनी पिशवी ओतली, टेबलावर बाकीच्यांचे मोबाईल पडलेले बघितले, थोडं थांबले. "हेही घेता होय?" म्हणाले आणि वर गेले. वीस मिनिटांनी दोन मोबाईल घेऊन उतरले. असं मी किमान पंधरा घरांचं बघितलं. पहिली खेप चार्जरची, दुसरी मोबाईलची. माझ्या नावाने पहिल्याच खेपेला सगळं मागितलं होतं, म्हणून कुणी काहीच दिलं नाही.

दुसऱ्या खेपेला प्रश्न एकच, आतल्या फोटोंचं काय? चालू होणारा फोन असेल तर आधी हवं ते उतरवून घ्या, खात्यातून बाहेर पडा, सिम आणि कार्ड काढा, मग फॅक्टरी रिसेट करा, हे काकूंच्या नातवाने टेबलापाशी बसून करून दिलं. जो सुरूच होत नाही त्याचं रिसेट होत नाही. तिथं निदान दुसऱ्या फोनवरून आपल्या खात्यात जाऊन त्या उपकरणाला बाहेर काढता येतं. आतली माहिती त्याने पुसली जात नाही, पण खात्याचं दार तरी बंद होतं. एक काका हातोडी घेऊनच आले होते, "समोर फोडा, मगच देतो." त्यांना आवरावं लागलं. आत लिथियमची बॅटरी असते, ती ठेचली की पेट घेऊ शकते.

आणि तो पॉवर बँक! चौथ्या मजल्यावरून आला, पुरीसारखा टम्म फुगलेला, कडेची शिवण उसवून आतली चंदेरी पिशवी दिसत होती. तो बाकीच्या ढिगात टाकायचा नाही. टोचायचा नाही, दाबायचा नाही, कोरड्या वाळूत वेगळा ठेवायचा. आमच्या लाल बादलीतली वाळू बेळगावच्या पावसाने चिखल झालेली. शेवटी शेजारच्या बांधकामावरून मामांनीच पाटीभर कोरडी वाळू आणली. म्हणजे तिथंही मामाच.

संतेचा तोटाही झाला, हे लिहिताना मला बरं वाटतंय, लपवत नाही. संते म्हटल्यावर दोघांनी किलोचा दर विचारला. एक जण लॅपटॉप काखेत मारून परत गेले. इन्व्हर्टरची बॅटरी घेऊन आलेल्यांना आम्हीच परत पाठवलं, कारण ती शिशाची, नवी घेताना दुकानदार तिचे पैसे वजा करतो. तिथंच द्यावी. माझ्या नावाला निदान दर तरी कुणी विचारला नव्हता. पण माझ्या नावाला कुणी काहीच विचारलं नव्हतं.

लटकत्या काट्यावर वजन झालं, एकशे अठरा किलो. गाडीवाला पोरगा पावतीपुस्तक घेऊन उभा राहिला. सोसायटीचं नाव, वजन, नगांची यादी आणि खाली 'कार्यक्रम'. "काय लिहू मॅडम?"

मामा तिथंच होते, वाळूची पाटी धुत. मी पेन मागून घेतलं आणि माझ्या अक्षरात लिहिलं: चार्जर संते. पोरगा पावती फाडायला लागला तेव्हा म्हटलं, थांब जरा. पुढं कंसात, बारीक, 'ई-कस'. इ या वेळी ऱ्हस्व काढणार होते, हात सवयीने दीर्घावरच गेला.

पोराने वाचलं. "हे काय, मॅडम?"

"काही नाही," म्हटलं, "फाड."