आमची वाटचाल : भि-१४ नावाची बॅच

२००९ला आम्ही दोघांनी मिळून हा अमृत कोकमाचा, म्हणजे कोकम सरबताचा, धंदा सुरू केला, मी आणि माझा तेव्हाचा पार्टनर, त्याचं नाव इथे घेत नाही, घ्यायची गरजही नाही, गोव्यात आमच्या डिचोलीत सगळ्यांना माहीत आहे. माझ्या घरामागच्या शेडमध्ये दोन तांब्याची भांडी, एक लाकडी डवला आणि वीस किलो भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं. बाटल्या तो धुवायचा आणि खरं सांगायचं तर चांगल्या धुवायचा. चार वर्षांनी लेबलवरून भांडण झालं आणि तो गेला, गेला तो गेला, वर म्हापशाला एसेन्स आणि रंग घालून "कोकम सरबत" विकायला लागला, आमच्या निम्म्या किमतीत. गिऱ्हाईक म्हणतं, दोन्ही लालच की. काय बोलणार?

२०१४ ते २०२१ सांगण्यासारखं काही नाही. एप्रिलात भिरंडं यायची, पावसाआधी रस भरून व्हायचा, चवथीपर्यंत संपायचा.

आता २०२२. ही बॅच आमच्या धंद्याच्या नरड्याला आली होती, म्हणून हिच्याबद्दलच लिहितो. अमृत कोकम कसं होतं ते या धंद्यातल्यांना सांगायला नको, साली आणि साखर थराथराने लावायची, साखर पाणी ओढते, रस सुटतो, गाळायचा, ड्रममध्ये एकत्र करायचा, खाली नळ आहे त्यातून बाटल्या भरायच्या. शेवटी सालींना चिकटलेली साखर वाया जाऊ नये म्हणून थोड्या पाण्याने साली धुऊन तो पातळ रसही ड्रममध्ये ओततात. सगळेच ओततात. फक्त ओतल्यावर ढवळायचं असतं.

आमच्या ड्रमवर ढवळायला मोटर बसवली आहे. २१ मेला दुपारी वळवाचा गडगडाट झाला आणि करंट गेला. भाच्याने धुवण ओतलं, मोटर फिरली नाही, आणि लाकडी डवला शेडच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा होता, तो कोणी हातात घेतला नाही. घट्ट रस जड असतो, तो खाली बसला, पातळ धुवण वर तरंगत राहिलं. मी नळातून थेंब घेतला, साखर किती ते दाखवणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर ठेवला, उजेडाकडे डोळा लावला, रेघ ६६वर. सरबताला पासष्टच्या वर पाहिजे, म्हणजे ठीक. पण तो थेंब तळाचा होता! मी ड्रमच्या वरच्या थरातून घेतलाच नाही. १८० लिटर, ७५० मिलीच्या २४० बाटल्या, त्यातल्या पहिल्या दीड-पावणेदोनशे खणखणीत आणि शेवटच्या पातळ. आणि कुठली पहिली, कुठली शेवटची, हे बाटलीवर लिहिलेलंच नव्हतं. सगळ्यांवर एकच शाई, भि-१४.

साखर घट्ट असली की यीस्टला पाणी मिळत नाही, पातळ झाली की मिळतं, इतकं साधं आहे. दोन महिने गप्प बसल्या बाटल्या.

जुलैच्या अखेरीस साखळीहून बाईंचा फोन. बाई म्हणजे आमच्या शाळेतल्या, रिटायर होऊन वीस वर्षं झाली, आणि २००९ला पहिली बाटली त्यांनीच घेतली होती, तेव्हा लेबलसुद्धा नव्हतं. म्हणाल्या, "अरे, तुझी बाटली माझ्या फडताळात फुटली रे. भिंत बघून शेजारीण किंचाळली, तिला वाटलं मी पडले." मी गाडी काढून गेलो. फडताळातले तिखटाचे डबे लाल, डाळीचे डबे लाल, काचा पार चौकटीपर्यंत. बाई खुर्चीत बसून मला विचारतात, "तुला चहा घालू की सरबत?" त्या हसत होत्या, माझे पाय लटलटत होते. स्वयंपाकघरात नातवंडं फिरतात हो.

घरी आल्यावर गोदामातल्या छत्तीस बाटल्या एकेक करून बघितल्या. उजेडात धरली की मानेजवळ बारीक बुडबुड्यांची रांग, झाकणाचा माथा बोटाला किंचित फुगीर लागतो. अशा सात निघाल्या. एक फ्रीजमध्ये रात्रभर ठेवली, जाड टॉवेलात गुंडाळली, अंगणात नेऊन झाकण हळूहळू सोडलं तर सुंऽऽ करून आवाज, फेस, आणि वास ताडीच्या भावाचा. थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर ठेवला तर रेघच दिसेना, सगळं निळं. मला वाटलं मीटर गेला. मग लक्षात आलं की आमचा मीटर ५८ ते ९०चा, त्याखालचं त्याला दिसतच नाही. शेजारच्या जॅमवाल्याकडून २८ ते ६२वाला आणला, रेघ ५१वर. (नवीन लोकांना सांगतो, कोणी विचारलं नसलं तरी : दोन्ही रेंजचे मीटर ठेवा. घट्टवाला तुम्हाला चूक दाखवणारच नाही, फक्त रेघ दाखवणार नाही.)

आता माझी दुसरी चूक, पहिलीपेक्षा मोठी. त्या रात्री मी गिऱ्हाईकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला : "काही तांत्रिक कारणास्तव आमची एक बॅच बदलून देण्यात येत आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर, बदली बाटली लवकरच." झालं. कुठली बॅच? मी घरात ठेवू की टाकू? लवकर म्हणजे कधी? रात्री अकरापर्यंत फोन. आणि आमचे जुने पार्टनर, त्यांनी तो मेसेज चार हॉटेलवाल्यांना फॉरवर्ड केला, वर लिहिलं, "यांचं कोकम बॉम्ब झालंय." मला ते हॉटेलवाल्यांनीच दाखवलं. अजून राग आहे. पण बोलायची संधी त्याला दिली कोणी, मीच, कारण मी खरं लिहिलं नाही, कोणी काही लपवतंय असंच वाचणाऱ्याला वाटणार.

सकाळी बायको म्हणाली, "तू लिहू नकोस, मी लिहिते." तिने जे लिहिलं ते जसंच्या तसं देतो :

"आमचं अमृत कोकम, ७५० मिलीची काचेची बाटली, बॅच भि-१४, भरल्याची तारीख २१ मे २०२२, आम्ही परत घेतोय. काही बाटल्यांत साखर कमी पडून रस आंबलाय, आत गॅस आहे, बाटली फुटू शकते. पिऊ नका, मुलांना देऊ नका, हलवू नका, उघडू नका. बॅच नंबर झाकणाखाली काळ्या शाईत आहे. फुगीर झाकण नसलं तरी भि-१४ असेल तर परत द्या. बाकी बॅच ठीक आहेत. बाटली टॉवेलात गुंडाळून बादलीत ठेवा आणि आम्हाला फोन करा, आम्ही घरी येऊन नेतो. कुरिअरने किंवा बसने पाठवू नका. लांब असाल तर रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, टॉवेलात धरून तोंड दुसरीकडे करून उघड्यावर हळूहळू उघडा, ओतून टाका आणि बॅच नंबरचा फोटो पाठवा, रिकामी बाटली नको. फोटो आला की सात दिवसांत पैसे. बाटलीच पाहिजे असेल तर वाट बघावी लागेल, आत्ता भिरंडं नाहीत, पुढच्या जूनमध्ये पहिल्या भरणीतली देऊ."

यातलं शेवटचं वाक्य मी खोडायला लागलो होतो, दहा महिने कोण थांबणार? ती म्हणाली, राहू दे. आमच्याकडे आधीच्या भि-११च्या साठ बाटल्या होत्या, त्या आठ दिवसांत घरोघर दिल्या, पण आधी कोणाला हे तिनेच ठरवलं : ज्यांच्याकडे चवथीला पाहुणे येणार त्यांना. त्या वर्षी चवथ ३१ ऑगस्टला होती. बाकीच्यांना एकतर पैसे किंवा जूनची चिठ्ठी, म्हणजे वहीत नाव आणि आमच्या सहीचा कागद.

वहीचं सांगायलाच पाहिजे. फूलस्केप वही, गिऱ्हाईकाचं नाव, फोन, तारीख, बॅच नंबर, हे बायको पहिल्यापासून लिहिते, पार्टनर तिला "वाण्याची वही" म्हणून हसायचा. थेट घरी गेलेल्या ८४ बाटल्यांचे फोन तिने दोन संध्याकाळींत संपवले. दुकानांचं मात्र नुसत्या आकड्याचं बिल होतं, बॅच लिहिलेली नाही, त्यामुळे ९६ बाटल्यांसाठी मी साखळी, डिचोली, वाळपई असा दुकानोदुकानी फिरलो आणि रॅकवरून माना वाकवून नंबर वाचले. एकसष्ट रॅकवरच सापडल्या. पस्तीस कोणाच्या घरी गेल्या ते दुकानदाराला माहीत नव्हतं, काउंटरवर आमचा कागद चिकटवला, तेवढंच हातात होतं, त्यातल्या नऊ आल्या. हॉटेलच्या चोवीसपैकी एकोणीस. घरची छत्तीस धरून हिशेब १८३वर थांबतो, फोनवाल्यांकडून अठ्ठावन्न आल्या. सत्तावन्नांचा पत्ता नाही, बहुतेक पिऊन झाल्या असणार, चांगल्या असतील तर मजा आली असेल.

अन्न खात्यालाही कळवलं, फूड रिकॉलच्या २०१७च्या नियमांत चोवीस तासांची मुदत आहे. इथे फुकटचा सल्ला देतो : लपवून आपली आपली परत घ्यायची हुशारी करू नका, एखादी बाटली फुटून कोणाच्या डोळ्यात काच गेली तर तुमच्या वहीचा कागद तुमच्याच गळ्यात. परत आलेला माल वेगळ्या कोपऱ्यात, "विकू नये" असं मोठं लिहून, मग मोजून नष्ट, बघणारा एक माणूस पाहिजे. चुकून कोणी नोकराने परत रॅकवर लावला की संपलं.

त्या सीझनला पैसे परत देण्यात दुचाकी विकली, २२० रुपयाची बाटली दिसते छोटी. हॉटेल गेलं ते गेलंच, आता तिथे जुन्या पार्टनरचं लाल पाणी मिळतं. पुढच्या मेपासून ड्रममधून तीन थेंब बघतो, तळाचा, मधला, वरचा, तिन्हींची रेघ एका जागी आली तरच भरणी सुरू, आणि प्रत्येक बारा बाटल्यांच्या खोक्यावर नंबर, भि-१४ नाही तर भि-१४/३. मोटर बंद पडली तर डवला आहे, त्याची दांडी नवीन बसवली.

जून २०२३ला चिठ्ठ्यांच्या बाटल्या दिल्या. बाई पैसे घेईनात, बाटलीच मागितली. नेऊन दिली तर त्यांनी झाकणाला कान लावला, मग माझ्या समोरच उघडायला लावली.

पेडण्याहून परवा एकाने फोटो पाठवला, भि-१४, न उघडलेली, सासूच्या माळ्यावर सापडली म्हणे, आता बदलून मिळेल का विचारतो. मी लिहिलं, हात लावू नकोस, उद्या मी येतो. बादली, टॉवेल आणि दोन बाटल्या घेऊन गेलो. आता सत्तावन्नातले छप्पन्न उरले.